MH, 07, 27, 416: कुठली अक्षरं कुठल्या यादीतली?

प्रश्न: कुडाळहून काजू आणि कोकमाचा लहान धंदा करतो. पत्त्यात राज्य म्हणून कोणी MH लिहितं, कोणी M.S., जीएसटीच्या कागदावर 27 येतं. अमेरिकेतल्या एका ग्राहकाने फॉर्ममध्ये MH टाकलं तर त्याला मार्शल आयलंड्स दिसलं. आमची गाडी MH 07, पण पिन 416 ने सुरू होतो आणि सगळे म्हणतात तो कोल्हापूरचा. यातलं खरं काय धरायचं? आणि गाडीच्या नंबरातली मधली अक्षरं नक्की काय सांगतात?

उत्तर:

सव्वीस वर्षं ट्रान्सपोर्टच्या गादीवर बिल्ट्या लिहितोय, त्यातली बरीच वर्षं गडहिंग्लजला, त्यामुळे तुमचा 416 माझ्या रोजच्या ओळखीचा. तुम्ही चार वेगळ्या याद्या एकाच पत्त्यात वाचताय. गाडीची यादी परिवहन खात्याची, पिन टपाल खात्याचा, 27 जीएसटीचा, आणि अमेरिकेतलं MH तिथल्या टपाल खात्याचं. या याद्या एकमेकींकडे बघून बनवलेल्या नाहीत. म्हणून एकीतला आकडा दुसरीत ताडून पाहिला की गोंधळ व्हायचाच.

गाडीपासून सुरू करू. MH 07 Q 0045 असा नंबर असेल तर MH म्हणजे महाराष्ट्र आणि 07 म्हणजे सिंधुदुर्गचं कार्यालय. ही दोन अक्षरांची पद्धत १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानंतर १९८९ मध्ये आली. त्याआधी महाराष्ट्रातल्या गाड्यांवर M ने सुरू होणारी तीन अक्षरं आणि पुढे आकडा असायचा. गावाकडच्या एखाद्या जुन्या राजदूतवर किंवा जीपवर तुम्ही ती पाहिली असतील. आज मालासोबत लागणाऱ्या ई-वे बिलात गाडी नंबराच्या रकान्यात ABC1234 हा नमुनासुद्धा चालतो, तो या जुन्या गाड्यांसाठी.

महाराष्ट्रातले आकडे नकाशावर बोट फिरवत वाचले तर पटकन लक्षात राहतात. 01 ते 03 मुंबई, 04 ठाणे, 05 कल्याण, 06 रायगड. मग कोकणाच्या दक्षिण टोकाला उडी मारून 07 सिंधुदुर्ग आणि 08 रत्नागिरी, घाट चढून 09 कोल्हापूर, 10 सांगली, 11 सातारा, 12 पुणे. पुढे 15 नाशिक, 20 छत्रपती संभाजीनगर, 31 नागपूर. चाळिशीतले बरेच आकडे नंतर निघालेल्या कार्यालयांचे आहेत: 42 बारामती, 43 नवी मुंबई, 46 पनवेल, 50 कराड. म्हणजे पुढचे आकडे जिल्ह्यांचे नाहीत, कार्यालयांचे आहेत. बारामती पुणे जिल्ह्यात आहे, पण तिथली गाडी 12 ची नसते.

आता मधली अक्षरं. यांच्यात फारसं गूढ नाही. एका कार्यालयात 0001 ते 9999 संपले की पुढचं अक्षर सुरू होतं, Z नंतर दोन अक्षरांची जोडी येते. सुरुवातीच्या काळात अक्षर नसलेलेही नंबर दिले गेले, MH 09 1234 असे, आणि ते अजून कुठेकुठे रस्त्यावर आहेत. दुचाकी, मोटारी आणि मालवाहू गाड्यांच्या मालिका वेगवेगळ्या उघडल्या जातात, त्यामुळे AB च्या आधी AC ची गाडी रस्त्यावर दिसू शकते. अक्षरावरून गाडीचं वय काढणारे हुशार लोक तिथेच फसतात. मालकाच्या नावाशी, जातीशी, गावाशी त्या अक्षरांचा काही संबंध नाही. दिल्ली मात्र अपवाद. तिथे DL 3C AB 1234 मधलं C मोटारीचं आणि S दुचाकीचं, म्हणजे ते अक्षर गाडीचा प्रकार सांगतं आणि मालिका त्याच्या पुढे सुरू होते.

एक गोष्ट मात्र कामाची आहे, आणि नव्या पोरांना मी ती पहिल्या दिवशी सांगतो. मालिकेच्या अक्षरांत I आणि O वापरत नाहीत, कारण ते 1 आणि 0 सारखे दिसतात. ड्रायव्हरने व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या फोटोत मधल्या अक्षरांच्या जागी O वाटला तर तो Q किंवा D असणार, आणि राज्याच्या दोन अक्षरांनंतरच्या दोन जागांवर O वाटला तर तो शून्यच असणार. नंबर टाइप करताना MH07 च्या जागी MHO7 पडणं ही आमच्या गादीवरची सगळ्यात जास्त होणारी चूक. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, मशीनला नाही. तसंच 45 असं नुसतं लिहायचं नाही, 0045 असं चार आकडी लिहायचं, कारण सरकारी नोंदीत नंबर चारच आकडी असतो.

MH 07 म्हणजे गाडी आज कुडाळला आहे, असा अर्थ धरू नका. आपल्याकडे "MH 09 पासिंगची गाडी" म्हणतात, त्यातला "पासिंग" हा शब्द नेमका आहे. नंबर सांगतो तो गाडीची नोंदणी कुठे झाली ते. कोल्हापूरच्या माणसाकडून तुम्ही जुना टेम्पो घेतला तर मालकाचं नाव आणि पत्ता बदलतो, नंबर MH 09 चाच राहतो, कारण दोन्ही कार्यालयं एकाच राज्यात. राज्य बदललं की गोष्ट वेगळी. गाडी बारा महिन्यांहून जास्त दुसऱ्या राज्यात ठेवली तर तिथला नंबर घ्यावा लागतो. आधी मूळ कार्यालयाचा ना हरकत दाखला, मग नव्या राज्याचा कर, मग नवी पाटी. सिंधुदुर्गात GA च्या गाड्या एवढ्या दिसतात त्यातल्या पाहुण्यांच्या किती आणि या नियमाकडे पाठ फिरवलेल्या किती, हे बांद्याच्या नाक्यावर चहा पिताना तुम्हीच ठरवा.

नोकरीत सतत बदली होणाऱ्यांसाठी २०२१ च्या सप्टेंबरपासून BH ही वेगळी मालिका निघाली आहे. तिची मांडणी उलटी आहे: 23 BH 4567 C. पहिले दोन आकडे नोंदणीचं वर्ष, BH म्हणजे भारत, मग चार आकडे, शेवटी अक्षरं. या नंबरावर कार्यालयाचा पत्ता नसतोच, आणि राज्य बदललं तरी पाटी तीच. आमच्याकडे एक नवा मुलगा BH पाहून बिहार लिहून मोकळा झाला होता. बिहारचं चिन्ह BR आहे.

राज्यांची चिन्हंही कायमची नसतात. उत्तरांचलचं उत्तराखंड झालं तसं UA चं UK झालं. ओरिसाचं ओडिशा झालं आणि OR जाऊन OD आलं. तेलंगणाने २०१४ पासून TS वापरलं आणि २०२४ च्या मार्चपासून नव्या गाड्यांना TG. जुन्या पाट्या मात्र तशाच राहतात, म्हणून OR आणि OD, TS आणि TG दोन्ही रस्त्यावर एकत्र धावतात आणि दोन्ही खऱ्या असतात. इथे एक गंमत आहे. राज्यांच्या चिन्हांची एक आंतरराष्ट्रीय यादी आहे, तिचं नाव ISO 3166-2. परदेशी वेबसाइट्स बहुतेक तीच उचलतात. त्या यादीत तेलंगणा आधी TG होतं. तिने २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ते बदलून TS केलं, आणि चारच महिन्यांनी आपल्याकडे TG आलं. त्याच बदलात छत्तीसगडचं CT जाऊन CG आणि ओडिशाचं OR जाऊन OD झालं. म्हणून एखाद्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये छत्तीसगड CT दिसलं तर ती टायपिंगची चूक समजू नका, ती जुनी यादी आहे. महाराष्ट्र मात्र नशीबवान, गाडीच्या यादीत आणि या यादीतही MH च.

आता टपाल. भारतीय टपालाला राज्याच्या दोन अक्षरांची गरजच नाही. पिन पुरतो. हा पिन १९७२ च्या १५ ऑगस्टला सुरू झाला आणि तो आखला श्रीराम भिकाजी वेलणकरांनी. दळणवळण मंत्रालयातले अधिकारी, आणि संस्कृतात कविता लिहिणारे. एकाच नावाची गावं आणि निरनिराळ्या लिप्यांतले पत्ते यांतून पत्र वेगळं काढायला त्यांनी सहा आकडे दिले.

तुमचा 416520 उलगडून बघा. पहिला 4 म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांचा मोठा विभाग. 40 ते 44 महाराष्ट्राचे, फक्त 403 गोव्याला गेलेला. पहिले तीन मिळून, म्हणजे 416, हा छाननीचा जिल्हा. इथे "जिल्हा" हा शब्द टपाल खात्याच्या अर्थाने घ्यायचा, जिल्हाधिकाऱ्यांच्या अर्थाने नाही. शेवटचे तीन, 520, म्हणजे प्रत्यक्ष वाटप करणारं पोस्ट.

म्हणून 416 कोल्हापूरचा म्हणणारे अर्धे बरोबर आहेत. कोल्हापूर त्यात आहेच, पण सांगली 416416 आहे, मिरज 416410, सावंतवाडी 416510, मालवण 416606, आणि रत्नागिरी जिल्ह्यातलं राजापूरही 416702. म्हणजे टपालाच्या एका 416 मध्ये गाड्यांचे 07, 08, 09 आणि 10 असे चार नंबर येतात. पिनवरून जिल्हा काढायला जाऊ नका आणि गाडीवरून पिनही काढू नका.

यातला धोका मला एकदा चांगलाच भोवला. कुडाळला जायचा काजूच्या मशीनचा एक पेटारा होता. पाठवणाऱ्याच्या कारकुनाने पिन टाकताना शेवटचे दोन आकडे उलटे केले: 416520 च्या जागी 416502. आणि 416502 म्हणजे गडहिंग्लज. पत्त्यात गावाचं नाव कुडाळ होतं, पण माल वेगळा करणारा माणूस पिन बघून गाडीत टाकतो, गाव वाचत बसत नाही. पेटारा आमच्याच गोदामात उतरला आणि दोन दिवस पडून राहिला. मग आजरा, आंबोली घाट, सावंतवाडी असा उलटा प्रवास करून तो कुडाळला गेला. भाडं कोणी द्यायचं यावर जी फोनाफोनी झाली ती वेगळीच.

या चुकीकडे कुणाचं लक्ष का गेलं नाही, ते समजून घ्या, कारण ती तुमच्या बाबतीतही होईल. ई-वे बिल भरताना संगणक पिन त्या राज्यात बसतो का एवढं बघतो. महाराष्ट्राच्या जागी कर्नाटकचा पिन पडला असता तर तो लगेच अडला असता. पण 416502 आणि 416520 दोन्ही महाराष्ट्रात, दोन्ही खरे, दोन्ही 416. त्यामुळे लाल अक्षर उमटलं नाही. अंतरही संगणक पिनपासून पिनपर्यंत काढतो आणि त्यावरून बिलाची मुदत ठरवतो, साधारण २०० किलोमीटरला एक दिवस. पिन चुकला की मुदतही चुकीच्या गावापर्यंतची निघते. म्हणून आता आमच्याकडे नियम आहे: पिन टाकल्यावर टपाल खात्याच्या साइटवर शोधून पोस्टाचं नाव वाचायचं आणि ते पत्त्यातल्या गावाशी तोंडाने जुळवायचं. "चारशे सोळा पाचशे वीस, कुडाळ." एवढंच. पण मोठ्याने.

27 चं काय, ते एका वाक्यात संपतं: जीएसटीने जनगणनेतले राज्यांचे क्रमांक घेतले, त्यात महाराष्ट्र 27, गोवा 30, कर्नाटक 29, आणि म्हणूनच तुमच्या जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे 27 असतात. तो आकडा पाकिटावर किंवा पार्सलवर लिहायचा नाही. गाडीच्या यादीत 27 म्हणजे अमरावती. सीमेवर तर तिन्ही याद्या कशा वेगळ्या चालतात ते छान दिसतं. निपाणीचा ट्रक KA 23, कारण चिक्कोडीचं कार्यालय. निपाणीचा पिन 591237. आणि त्याच निपाणीच्या व्यापाऱ्याचा जीएसटी 29 ने सुरू. तीन कागद, तीन आकडे, गाव एकच.

M.S. बद्दल. ते महाराष्ट्र स्टेटचं जुनं रूप, दुकानांच्या पाट्यांवर आणि पत्रिकांवर अजून दिसतं. चूक नाही, पण कुठल्याच यादीत नाही, म्हणून संगणकाला कळत नाही. त्याहून जास्त त्रास देतं ते A/P. आपण मराठीत मु.पो. लिहितो, त्याचं इंग्रजीतलं At Post, आणि त्याचं A/P किंवा A.P. कुडाळचा माणूस "A.P. Kudal" लिहितो आणि उत्तरेतला कारकून ते आंध्र प्रदेश वाचतो. आम्हाला अशी एक बिल्टी आली होती. पत्ता A.P. अमुक गाव, तालुका आजरा, आणि राज्याच्या रकान्यात आंध्र. माल घेणारा जीएसटीत नोंदलेला नव्हता, म्हणून त्याच्या क्रमांकावरून चूक पकडण्याचा मार्गच नव्हता. आंध्रचा क्रमांक 37 आणि आपला 27, त्यामुळे कागद चाळताना नजरही घसरते. तेव्हापासून मी ग्राहकांना सांगतो, At Post पूर्ण लिहा नाहीतर सोडून द्या, पण A.P. लिहू नका.

आता तुमचा अमेरिकेचा ग्राहक. त्याने काही वेडेपणा केलेला नाही. अमेरिकेच्या टपाल खात्याच्या दोन अक्षरी यादीत MH म्हणजे खरंच मार्शल आयलंड्स, कारण तिथलं टपाल अमेरिकेचं खातं वाहून नेतं. त्यांच्या यादीत MP म्हणजे उत्तर मारियाना बेटं, GA म्हणजे जॉर्जिया, TN म्हणजे टेनेसी, MN म्हणजे मिनेसोटा. आपल्याकडे हीच अक्षरं मध्य प्रदेश, गोवा, तमिळनाडू आणि मणिपूरची. अटलांटातला मराठी माणूस गोव्यातल्या मावशीला पार्सल पाठवताना GA लिहितो तेव्हा फॉर्मला तो पत्ता त्याच्याच राज्यातला वाटतो. टक्कर टाळायला एखाद्या देशाने आपली अक्षरं बदलली असंही झालंय. नेब्रास्काचं NB होतं, ते कॅनडातल्या न्यू ब्रन्सविकशी भिडायचं, म्हणून १९६९ मध्ये NE केलं. आपल्याशी भिडतं म्हणून मात्र कुणी काही बदलणार नाही.

इलाज सोपा आहे. ग्राहकाला सांगा, आधी देशाच्या रकान्यात भारत निवड, मग राज्याची यादी आपोआप बदलते. ती बदलली नाही तर तो फॉर्म फक्त अमेरिकेच्या पत्त्यांसाठी बनवलेला आहे, तिथे MH अजिबात निवडू नये. राज्याचं पूर्ण नाव लिहायला जागा असेल तर तिथे पूर्ण Maharashtra टाकावं. पार्सलवरचा पत्ता असा हवा:

```
(दुकानाचं नाव)
At Post Kudal, Tal. Kudal
Dist. Sindhudurg
KUDAL 416520
MAHARASHTRA
INDIA
```

देशाचं नाव शेवटच्या ओळीत, एकटं, मोठ्या अक्षरांत. अमेरिकेचं टपाल खातं तेवढंच वाचतं आणि पाकीट भारताच्या थैलीत टाकतं. पुढचं काम 416520 करतो. राज्याचं नाव पूर्ण लिहिलं असलं की पिनचा एखादा आकडा पुसला गेला तरी माणूस अंदाज करू शकतो. नुसत्या MH वरून परदेशातल्या माणसाला तो करता येत नाही.

तुमच्या कागदांसाठी म्हणाल तर असं करा. बिलावर जीएसटीच्या रकान्यात Maharashtra, 27. ई-वे बिलात पिन 416520 आणि गाडी MH07Q0045, मध्ये जागा न सोडता. पार्सलवर पूर्ण Maharashtra. MH हे गाडीपुरतं आणि ज्या वेबसाइटवर आधी भारत निवडला आहे तिथल्या यादीपुरतं ठेवा. आणि भाड्याचा टेम्पो आला तर पाटीवरचा 09 बघून ड्रायव्हरला कोल्हापूरचा समजू नका. माझ्याकडे येणारा एक MH 09 वाला झारापचा आहे.